पोळा झाला, गणपती उठले… पेमेंट कधी?

‘हाय सर, सॉरी टु डिस्टर्ब. ते पेमेंटचं काही झालं का? घाई नाही, तुमच्या सोयीने करा.’

हा मेसेज रात्री ११ वाजून २० मिनिटांनी बेशातून गेला. दोन निळ्या टिकल्या लगेच दिसल्या. सकाळी उत्तर आलं, ते म्हणजे एक अंगठा. त्या अंगठ्याचा अर्थ ‘करतो’ असाही होतो, ‘वाचलं’ असाही होतो आणि ‘घाई नाही ना, मग बरं’ असाही होतो. पुढचे १५ दिवस त्याचा अर्थ तिसराच निघाला.

मेसेज पाठवणारी मुलगी फ्रीलान्स ग्राफिक डिझायनर आहे. बेसा चौकाच्या पुढे दोन मैत्रिणींसोबत रूम करून राहते, शेवटच्या वर्षाला आहे. नाव छापायचं नाही या अटीवर तिने मला फोनमधलं सगळं चॅट दाखवलं. क्लायंट म्हणजे मॉड्युलर किचन करून देणारी एक फर्म. बेसा, घोगली, बेलतरोडी या पट्ट्यात नवीन स्कीम उभ्या राहतायत आणि प्रत्येक नव्या फ्लॅटला ओटा-कपाटं लागतात, त्यामुळे या फर्मला काम भरपूर. त्यांना १६ पानी कॅटलॉग आणि सोशल मीडियासाठी १२ पोस्ट हव्या होत्या. ठरले १८ हजार. अॅडव्हान्स मिळाला ६ हजार. ४ जुलैला फायली दिल्या, ५ जुलैला बिल दिलं, १५ दिवसांची मुदत. म्हणजे २० जुलैला उरलेले १२ हजार यायला हवे होते.

जुलैअखेर उत्तर होतं, ‘पाहतो ना.’ ऑगस्टमध्ये, ‘पोळा होऊन जाऊ द्या.’ पोळा झाला, तान्हा पोळा झाला, मारबत निघाली. मग ‘गणपती उठले की लगेच.’ गणपतीही उठले. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बिलाला दोन महिने उलटून गेले होते आणि क्लायंटच्या बोलण्यात दसरा डोकावू लागला होता. इकडे रूमचं भाडं दर महिन्याच्या ५ तारखेला जातंच. त्याला सणवार नसतात.

आता तो पहिला मेसेज परत वाचा. त्यात उद्धट असं काहीच नाही, उलट नम्रता ओसंडून वाहतेय. पण त्यात रक्कम नाही, बिल नंबर नाही, तारीख नाही. वाचणाऱ्याने नेमकं काय करायचं ते नाही. ‘घाई नाही’ हे मात्र स्पष्ट आहे. त्या फर्मच्या मालकाकडे दिवसभरात प्लायवाल्याचा फोन येतो, सुताराचा येतो, ज्यांच्या घरी ट्रॉली अडकते त्या काकूंचाही येतो. अशा माणसाला ‘ते पेमेंटचं’ म्हटल्यावर कोणतं पेमेंट ते आठवायला डोकं खाजवावं लागतं. तेवढं कष्टाचं काम कोणीही उद्यावर टाकतं.

पैसे नेमके अडकतात कुठे?

रिमाइंडर लिहायला बसण्याआधी हा प्रश्न विचारायला हवा, कारण ‘देत नाहीये’ या एका वाक्यामागे बऱ्याच वेगळ्या गोष्टी असतात. बिल पैसे देणाऱ्या माणसापर्यंत पोचलेलंच नसतं. किंवा पोचलं पण त्यात काहीतरी कमी असतं, म्हणून ते बाजूला ठेवलेलं असतं. कधी क्लायंटचेच पैसे त्याच्या गिऱ्हाइकाकडे अडकलेले असतात. कधी काम आवडलेलं नसतं आणि तोंडावर सांगायचा संकोच असतो. आणि कधी, हो, द्यायचेच नसतात. या पाचही जणांचं तोंडचं उत्तर मात्र एकच असतं: ‘करतो ना, टेन्शन नको घेऊ.’

म्हणून चांगला रिमाइंडर पैसे मागता मागता एक प्रश्नही विचारतो, आणि त्याच्या उत्तरावरून कळतं की आपण कुठे उभे आहोत. आपल्या डिझायनरला हे कळलं ते तिच्या मामाकडून. मामा एका ट्रान्सपोर्ट कंपनीत वसुलीचं काम बघतात. त्यांनी चॅट वाचलं आणि पहिला प्रश्न टाकला, ‘यांचा अकाउंटंट कोण आहे? त्याच्याकडे बिल आहे का?’ तिच्याकडे उत्तर नव्हतं. तिने बिलाचा फोटो मालकाच्या व्हॉट्सअॅपवर टाकला होता, एवढंच.

छोट्या फर्ममध्ये अकाउंटंट रोज नसतोच. तो चार-पाच दुकानांची वह्या-बिलं सांभाळतो आणि आठवड्यातून एक-दोन दिवस येऊन बसतो. त्या दिवशी टेबलावर जे बिल असतं त्याचं पेमेंट तयार होतं. बाकीची पुढच्या खेपेला. मालकाच्या फोनमध्ये, लग्नाच्या फोटोंच्या आणि ‘सुप्रभात’च्या खाली गाडला गेलेला तुमचा फोटो त्या टेबलावर कधीच येत नाही.

मग लिहायचं कसं?

सोमवारी, २२ सप्टेंबरला सकाळी तिने मेल केला. तिच्या परवानगीने तो जवळजवळ जसाच्या तसा देतेय.

*विषय: बिल क्र. ११ (कॅटलॉग व पोस्ट), बाकी रु. १२,०००, देय तारीख २० जुलै*

*नमस्कार सर,*

*कॅटलॉग आणि १२ पोस्टच्या कामाचं बिल क्र. ११, दि. ५ जुलै, सोबत पुन्हा जोडलं आहे. एकूण रक्कम रु. १८,०००. त्यापैकी रु. ६,००० अॅडव्हान्स मिळाला, रु. १२,००० बाकी आहेत. देय तारीख २० जुलै होती.*

*बिलात काही दुरुस्ती हवी असेल किंवा अकाउंटला आणखी कोणता कागद लागत असेल तर कळवा, मी आजच पाठवते. तसं काही नसेल तर हे पेमेंट शुक्रवार, २६ सप्टेंबरपर्यंत होऊ शकेल का? त्या दिवशी जमणार नसेल तर कोणत्या तारखेला होईल तेवढं कळवावं, ही विनंती.*

*बँक खात्याचा तपशील आणि पॅन खाली दिला आहे.*

*धन्यवाद.*

यात ‘सॉरी’ कुठेच नाही, आणि तरी एकही शब्द टोचत नाही. मामांचं म्हणणं असं की वाक्याचा कर्ता कोण आहे ते बघायचं. ‘तुम्ही अजून पैसे दिले नाहीत’ यात कर्ता समोरचा माणूस आहे, म्हणजे बोट त्याच्याकडे जातं. ‘बिल क्र. ११ चे १२ हजार बाकी आहेत’ यात बोट बिलाकडे जातं. गोष्ट तीच, पण दुसऱ्या वाक्याला भांडता येत नाही. शब्दांचंही तसंच. ‘बाकी’ हा किराणा दुकानापासून सगळ्यांच्या ओळखीचा शब्द आहे, त्यात राग नाही. ‘थकबाकी’ म्हटलं की महावितरणची नोटीस आठवते आणि आता वीज तोडायला माणूस येणार असं वाटतं. पहिल्या-दुसऱ्या रिमाइंडरला तो शब्द नकोच. ‘कधी देताय?’ हे आपल्याकडे बोलताना सहज येतं, पण लिहिलं की तगादा वाटतो. ‘कोणत्या तारखेला होईल?’ हे त्याहून मऊ आहे आणि खरं तर जास्त कडक आहे, कारण त्याचं उत्तर ‘पाहतो’ असं देता येत नाही. तारीखच द्यावी लागते.

‘येत्या शुक्रवारी’ न लिहिता ‘शुक्रवार, २६ सप्टेंबर’ लिहिलंय तेही उगाच नाही. मेल मंगळवारी उघडला गेला की शनिवारी, त्यावरून ‘येता शुक्रवार’ बदलतो.

आणखी एक गोष्ट तिने मुद्दाम टाळली. आधीच्या मसुद्यात ‘माझं रूमचं भाडं द्यायचंय’ असं वाक्य होतं. ते खरंच होतं, पण ते लिहिलं की आपली कमाई मदतीसारखी दिसायला लागते आणि मदत काय, समोरच्याच्या सोयीनेच होते. काम झालंय, बिल दिलंय, मुदत संपलीय, एवढं कारण पुरतं.

मेलनंतर व्हॉट्सअॅपवर फक्त एक ओळ गेली: ‘सर, बिल क्र. ११ बद्दल मेल केलाय, एकदा बघाल का?’ दुपारी तिने फोन केला. फोनवरही पैसे मागितले नाहीत, दोनच गोष्टी विचारल्या. मेल मिळाला का, आणि अकाउंटचे सर कोणत्या दिवशी बसतात? दोन महिन्यांत पहिल्यांदाच खरं उत्तर मिळालं. ‘मंगळवार आणि शुक्रवार. त्यांनाच फॉरवर्ड करून देतो, थांब.’

बिलातच मेख होती

मंगळवारी अकाउंटंटचा फोन आला. त्यांनी हे बिल आयुष्यात पहिल्यांदा बघितलं होतं. आणि त्यांच्या दोन अडचणी होत्या. एक, बिल मालकाच्या वैयक्तिक नावाने होतं, फर्मच्या नावाने नव्हतं. तसं असेल तर फर्मच्या खात्यातून पैसे देऊन खर्च कुठे दाखवायचा? दोन, मूळ बिलावर खाते क्रमांक आणि पॅन नव्हता. म्हणजे मालकाने ठरवलं असतं तरी त्या दिवशी पेमेंट झालं नसतं.

अकाउंटंट म्हणाले, ‘नवीन बिल बनवून पाठव, आजच्या तारखेचं.’ इथे बहुतेक जण पटकन हो म्हणतात. पण आजच्या तारखेचं नवीन बिल म्हणजे मुदतही आजपासून नवीन. जुलैपासूनचा उशीर कागदावरून पुसला जातो, आणि पुढे कधी वाद झालाच तर तुमचं बिल सप्टेंबरचं ठरतं. तिने नंबर तोच ठेवला, तारीखही ५ जुलैच ठेवली, नाव फर्मचं केलं, वर ‘दुरुस्त प्रत’ असं लिहून दुरुस्तीची तारीख टाकली. अकाउंटंटला त्यात काहीच अडचण नव्हती. त्यांना फर्मचं नाव हवं होतं, तारखेशी घेणं नव्हतं.

जीएसटीबद्दलही त्यांनी विचारलं. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर आपल्याकडे साधारणपणे नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावायचाही नसतो. कॉलेजमध्ये असताना फ्रीलान्स करणारे जवळजवळ सगळे यातच मोडतात. बिलावर तशी एक ओळ असली की हा फोन वाचतो.

शुक्रवारी, २६ तारखेला ४ हजार आले. पूर्ण १२ नाही. मालकांनी सांगितलं की एका स्कीममधल्या तीन फ्लॅटचं शेवटचं पेमेंट बिल्डरकडे अडकलंय. हे कारण खरं असू शकतं. पण कारण ऐकून ‘बरं सर’ म्हणत फोन ठेवला असता तर उरलेल्या आठ हजारांचं गाडं परत जुलैवर आलं असतं. तिने त्याच मेलच्या धाग्यात लिहिलं: ‘आज रु. ४,००० मिळाले, धन्यवाद. बिल क्र. ११ चे रु. ८,००० बाकी राहतात. आपल्या बोलण्याप्रमाणे ते शुक्रवार, १० ऑक्टोबरला होतील, असं धरून चालते.’ त्यावर उत्तर आलं, ‘ओके, १० ला करतो.’

हे दोन शब्दांचं उत्तर अंगठ्यापेक्षा खूप महागाचं आहे. आपल्याकडच्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे, म्हणजे १९६३ च्या लिमिटेशन अॅक्टप्रमाणे, अशा कामाच्या पैशांसाठी कोर्टात जायला साधारण तीन वर्षं असतात. ती संपायच्या आत समोरच्याने सहीनिशी लेखी मान्य केलं की हो, एवढं देणं आहे, तर मुदत तिथून नव्याने मोजली जाते. लेखी नोंद असलेलं अर्धवट पेमेंटही त्याच कामी येतं. बारा हजारांसाठी कोणी कोर्टात जाणार नाही, मान्य. पण ‘किती बाकी आहेत?’ या मुद्द्यावर पुढे वाद होत नाही, एवढा फायदा लगेच मिळतो. म्हणून फोनवर काहीही ठरलं की त्यानंतर एक ओळ लेखी टाकायची. मामांच्या ऑफिसात हा नियमच आहे म्हणे.

कायद्याचं नाव कधी काढायचं?

पहिल्या रिमाइंडरला तर अजिबात नाही. पण कायदा काय म्हणतो ते माहीत असलं की लिहिताना हात थरथरत नाही.

२००६ चा एमएसएमई विकास कायदा फक्त कारखान्यांसाठी आहे असा एक समज आहे. तो सेवा देणाऱ्या सूक्ष्म उद्योगांनाही लागू होतो, आणि एकटी डिझायनर हासुद्धा सूक्ष्म उद्योग असू शकतो. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते. ती सरकारच्या udyamregistration.gov.in या साइटवर आधार आणि पॅनवर होते आणि पूर्ण मोफत आहे. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या, फी मागणाऱ्या खाजगी साइट बऱ्याच आहेत, तिकडे फिरकू नका. या कायद्याप्रमाणे लेखी ठरलेली मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि काहीच ठरलेलं नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ, असं व्याज लागतं.

ऐकायला भारी वाटतं, पण हिशेब करून बघा. बँक रेट समजा ६ टक्के धरला तर तिप्पट म्हणजे वर्षाला १८, महिन्याला दीड टक्का. १२ हजारांवर पहिल्या महिन्याचे १८० रुपये, दुसऱ्या महिन्याचे साधारण १८३. दोन महिन्यांचे मिळून ३६३ रुपये. एवढ्यासाठी क्लायंटशी वाकडं घेण्यात अर्थ नाही. खरा धाक दुसरीकडे आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पाने आयकर कायद्यात एक कलम घातलं, ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल या मुदतीत दिलं नाही, तर तो खर्च क्लायंटला पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी दाखवता येतो. म्हणजे ३१ मार्च ओलांडली तर यंदाच्या हिशेबात तो खर्च धरताच येत नाही. हे मालकाला माहीत नसेल, अकाउंटंटला पक्कं माहीत असतं. त्यामुळे बिलाच्या तळाशी उद्यम नंबर छापलेला असला की धमकी न देताच ते बिल गठ्ठ्यात थोडं वर सरकतं.

फक्त नोंदणी काम घेण्याआधी केलेली हवी. बिल थकल्यावर धावतपळत केलेल्या नोंदणीचा जुन्या कामाला फायदा मिळतो का, यावर कोर्टांत बराच खल झालाय, आपण त्यात कशाला पडायचं. आपल्या डिझायनरकडे ही नोंदणी नव्हती. तिने ती ऑक्टोबरमध्ये केली, पुढच्या कामांसाठी. दुसरी गोष्ट म्हणजे तिची १५ दिवसांची मुदत नुसती बिलावर छापलेली होती, कोटेशनमध्ये नव्हती. काम झाल्यावर आपण एकट्याने छापलेल्या अटीला ‘ठरलं होतं’ म्हणणं अवघड असतं. आता तिच्या कोटेशनमध्येच ती ओळ आहे आणि ‘ओके’ आल्याशिवाय ती लॅपटॉप उघडत नाही.

याच कायद्याखाली तक्रार करायला सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे. तक्रार राज्याच्या सुविधा परिषदेकडे जाते. कायद्यात निकालासाठी ९० दिवस लिहिलेत, प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतात. लाख-दोन लाख अडकले असतील तर जरूर जा. बारा हजारांसाठी तोवर फोन आणि मेलच बरे.

एक रस्ता मात्र मी कोणालाच सुचवणार नाही, तो म्हणजे इन्स्टावर क्लायंटला टॅग करून ‘माझे पैसे द्या’ म्हणायचं. लाइक मिळतात, मित्र स्टोरी शेअर करतात. पण पैसे कधी देऊ असा प्रश्न असलेला माणूस आता बदनामी कशी केली या प्रश्नावर बोलायला लागतो, आणि चर्चा बिलावरून उठून जाते.

१० ऑक्टोबर

पैसे त्या दिवशी आले नाहीत. शनिवार-रविवार तिने जाऊ दिला. सोमवारी, १३ तारखेला सकाळी त्याच धाग्यात लिहिलं: ‘सर, बिल क्र. ११ चे रु. ८,००० शुक्रवारी १० तारखेला ठरले होते, अजून जमा झालेले नाहीत. उद्या मंगळवार आहे, अकाउंटचे सर येतील तेव्हा होऊन जाईल का?’ नवीन काही नाही, आवाज चढवलेला नाही, फक्त त्यांचीच तारीख आणि त्यांच्याच अकाउंटंटचा दिवस. मंगळवारी दुपारी ३ च्या सुमारास आठ हजार जमा झाले. त्यावर तिने ‘बिल क्र. ११ पूर्ण मिळालं, धन्यवाद’ एवढं लिहून धागा बंद केला.

चारच दिवसांनी त्याच मालकांचा फोन आला. दिवाळीच्या ऑफरचं बॅनर आणि सहा पोस्ट हव्या होत्या, तेही अर्जंट. तिने दहा हजारांचं कोटेशन केलं, त्यात अर्धे आधी, अर्धे फायली देताना, असं लिहिलं, आणि या वेळी मालकासोबत अकाउंटंटलाही पाठवलं. मालक हसले. म्हणाले, ‘काय व, आमच्यावर भरवसा नाही का?’ ‘आहे ना सर,’ ती म्हणाली, ‘म्हणून तर अर्धेच मागते.’ पाच हजार संध्याकाळपर्यंत आले. बॅनरमधल्या चिमणीचा रंग कोणता ठेवायचा यावर मात्र त्यांचं अजून एकमत व्हायचंय.